लसीकरणाचे परिपत्रक : संमती, गोपनीयता आणि पगारी सवलत

शाळेतील कर्मचाऱ्यांसाठी लसीकरणाचे सत्र योजिले म्हणजे त्यासंबंधीचे परिपत्रक काढणे हे काम सहसा चार ओळींत उरकले जाते. दिनांक, वेळ, स्थळ आणि शेवटी 'सर्वांनी उपस्थित राहावे' एवढे लिहिले, की परिपत्रक पूर्ण झाले असे मानण्याची पद्धत आहे. परंतु या चार ओळींत तीन प्रश्न अनुत्तरित राहतात. लस घेण्याचे ज्याच्या मनात नाही त्याने काय करावे? त्याने घेतली की नाही, हे कोणाकोणाला कळणार? आणि लस घेण्यात जो वेळ जाईल, अथवा दुसऱ्या दिवशी ताप आल्यास जो दिवस बुडेल, तो कोणाच्या खात्यावर पडणार? हे तीन प्रश्न वरवर पाहता वेगळे दिसले तरी ते एकमेकांत गुंतलेले आहेत. एकाचे उत्तर चुकले की उरलेल्या दोहोंची उत्तरे कागदावरच राहतात. हे कसे घडते, व परिपत्रक कसे लिहिल्यास ते टळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कामाच्या ठिकाणी लस देण्याची पद्धत आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर रूढ झाली ती कोविडच्या साथीत. केंद्र शासनाने 11 एप्रिल 2021 पासून सरकारी व खाजगी कार्यालयांत लसीकरण केंद्रे चालविण्यास मुभा दिली. त्या वेळी वयाची अट 45 वर्षांची होती, आणि त्या वयाचे सुमारे 100 इच्छुक कर्मचारी असतील तेथेच केंद्र काढावयाचे होते. प्रत्येक केंद्राला प्रतीक्षेची, टोचण्याची व टोचल्यानंतर थांबण्याची अशा तीन वेगळ्या खोल्या लागत, आणि लस घेतलेल्यास अर्धा तास नजरेखाली ठेवण्यात येई. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिक्षकदिनापूर्वी शाळांतील सर्व शिक्षकांना लस देण्याचा प्रयत्न व्हावा म्हणून केंद्राने राज्यांना अधिक मात्रा पुरविण्याचे जाहीर केले. खोल्या किती असाव्यात, शीतसाखळी कशी राखावी, याविषयीच्या सूचना तेव्हा तपशीलवार होत्या. नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याशी कसे वागावे, याविषयी मात्र प्रत्येक कार्यालयाने आपापल्या समजुतीप्रमाणे लिहिले.

या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 रोजी जेकब पुलियेल यांच्या याचिकेवरील निकालात मार्गदर्शन केले. स्वतःच्या देहाविषयीचा निर्णय हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाने रक्षिलेला अधिकार आहे, आणि कोणत्याही व्यक्तीला लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याबरोबरच सार्वजनिक आरोग्यासाठी शासन काही निर्बंध घालू शकते, मात्र ते निर्बंध कारणाच्या प्रमाणात असले पाहिजेत, असेही स्पष्ट केले. संसर्ग ओसरलेला असताना लस न घेतलेल्यांना सार्वजनिक जागा वा सेवा नाकारणे हे त्या प्रमाणात बसत नाही, असा त्याचा रोख होता. परिपत्रक लिहिणाऱ्याने यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. सत्र योजणे, माहिती देणे, वेळ उपलब्ध करून देणे हे कार्यालयाचे काम होय. 'होय' किंवा 'नाही' म्हणणे हे त्या व्यक्तीचे काम होय.

आता एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, एका केंद्रात नऊ शाळा आहेत. त्यांत 28 शिक्षक, आणि पोषण आहार शिजविणारे 14 स्वयंपाकी व मदतनीस, असे एकूण 42 जण काम करतात. नऊपैकी पाच शाळा द्विशिक्षकी आहेत. पावसाळ्यापूर्वी या सर्वांसाठी हंगामी इन्फ्लुएन्झाच्या लसीचे सत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवावयाचे आहे. ही लस दंडात एकदाच टोचली जाते. शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. टोचावयाच्या लसीत जिवंत विषाणू नसल्यामुळे तिच्यापासून इन्फ्लुएन्झा होत नाही. दंड दुखणे, अंग मोडून येणे, एखाद-दुसरा दिवस बारीक ताप येणे एवढेच बहुतेकांस जाणवते. पूर्वीच्या मात्रेने ज्याला तीव्र ॲलर्जी झाली असेल त्याने ती घेऊ नये, आणि त्या दिवशी ज्याच्या अंगात चांगलाच ताप असेल त्याने ती पुढे ढकलावी.

वर दिलेली ही माहिती परिपत्रकाबरोबर जावी लागते, आणि ती सत्राच्या किमान आठ दिवस अगोदर जावी लागते. संमती म्हणजे सही असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. कोणती लस, कशासाठी, किती वेळा, तिने काय त्रास संभवतो, कोणी घेऊ नये, आणि शंका असल्यास कोणास विचारावे, हे जाणून घेतल्यावर मनुष्य जे ठरवितो ती संमती होय, आणि सही ही तिची खूण होय. आठ दिवसांचा अवधी एवढ्यासाठी, की ज्याला औषधे चालू आहेत त्याला आपल्या डॉक्टरांस विचारता यावे, व ज्या बाईंना घरी बोलावयाचे आहे त्यांना बोलता यावे. सकाळी परिपत्रक आले, दुपारी सही केली आणि तिसऱ्या प्रहरी टोचून घेतले, अशा संमतीला फारसा अर्थ उरत नाही.

संमती कोण घेतो, यालाही तितकेच महत्त्व आहे. ज्याच्या हाती गोपनीय अहवाल, रजेची मंजुरी किंवा मानधनाचे बिल आहे, त्याने पुढे केलेल्या कागदावर 'नाही' असे लिहिणे सोपे नसते. त्याचा हेतू कितीही चांगला असला तरी हा दाब नाहीसा होत नाही. स्वयंपाकीणबाईंच्या बाबतीत तो अधिकच असतो, कारण त्यांचे काम पुढील वर्षी चालू राहील की नाही हे त्याच शाळेत ठरते. यास्तव संमतिपत्र मुख्याध्यापकांनी गोळा करू नये. ते आरोग्य केंद्रात, आरोग्यसेविकेच्या समोर भरले जावे आणि तेथेच राहावे. परिपत्रकातील कलम पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

"लस घेणे वा न घेणे हे सर्वस्वी ज्याच्या-त्याच्या इच्छेवर आहे. न घेणाऱ्याने कारण देण्याची आवश्यकता नाही. होकार दिल्यानंतरही टोचण्याच्या क्षणापर्यंत तो मागे घेता येईल. या निर्णयाचा कोणाच्याही सेवेवर, मूल्यमापनावर, बदलीवर अथवा मानधनावर कोणताही परिणाम होणार नाही. कोणत्याही मुख्याध्यापकाने वा केंद्रप्रमुखाने याविषयी लेखी अथवा तोंडी विचारणा करू नये."

यावर एक रास्त शंका घेण्यात येईल. किती जण लस घेणार हेच ठाऊक नसेल, तर आरोग्य केंद्राने लस मागवावी किती? येथे नीट पाहिल्यास ध्यानात येईल, की मागणीसाठी आकडा लागतो, नावे लागत नाहीत. प्रत्येक शाळेत एक बंद पेटी ठेवावी. प्रत्येकाने नाव न घालता 'होय' किंवा 'नाही' एवढीच चिठ्ठी घडी करून तीत टाकावी. द्विशिक्षकी शाळेत मोजक्याच चिठ्ठ्या निघतात व अक्षरावरून माणूस ओळखू येतो. म्हणून पेट्या न उघडता केंद्रशाळेत आणाव्यात, आणि नऊही शाळांच्या चिठ्ठ्या एकत्र करून मगच मोजाव्यात. समजा 33 चिठ्ठ्या 'होय' निघाल्या, तर त्यात दोन-तीनची भर घालून मागणी कळवावी. चिठ्ठ्या तेथेच नष्ट कराव्यात. चिठ्ठीत 'होय' लिहिणारा बांधला जात नाही व 'नाही' लिहिणाऱ्यालाही नंतर लस घेता येते, हेही परिपत्रकात लिहावे.

दुसरा प्रश्न गोपनीयतेचा. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. लसीच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, हे एका प्रत्यक्ष मोहिमेवरून चांगले समजते. 2024 साली काही राज्यांच्या निवडक जिल्ह्यांत प्रौढांना क्षयरोगासाठी बीसीजी लस देण्याची मोहीम झाली. तिला पात्र कोण? साठीच्या पुढचे लोक, मागील पाच वर्षांत क्षयरोग होऊन गेलेले, अलीकडे क्षयरुग्णाच्या निकट सहवासात आलेले, मधुमेही, धूम्रपान करणारे, आणि अतिशय कमी वजनाचे. आता अशा मोहिमेची 'पात्र कर्मचाऱ्यांची यादी' एखाद्या कार्यालयाच्या फलकावर लागली असे क्षणभर समजा. यादीत चाळिशीतील एखाद्याचे नाव आहे, म्हणजे त्याला क्षय होऊन गेला असेल, मधुमेह असेल, अथवा घरात कोणी आजारी असेल, हे सर्वांना विनासायास कळले. लस त्याने घेतली का नाही, हा प्रश्नच उद्भवण्यापूर्वी त्याचा आजार बाहेर पडला. नकाराचेही असेच आहे. गरोदरपण, चालू असलेले औषध, पूर्वीची ॲलर्जी अशी अनेक कारणे नकारामागे असू शकतात, आणि ती सांगावयाची की नाही हे त्या व्यक्तीने ठरवावयाचे असते.

म्हणून शाळेने अशी यादी मुळात करूच नये. जी यादी शाळेत नाही ती हरवत नाही, फलकावर लागत नाही, आणि कोणी मागितली तरी द्यावी लागत नाही. कोणास टोचले याची नोंद आरोग्य केंद्राने ठेवावी, कारण पुढे काही त्रास झाल्यास ती त्यांना लागते. प्रमाणपत्र मिळत असेल तर ते त्या व्यक्तीच्या हाती द्यावे, व त्याची प्रत सेवापुस्तकात लावण्यास सांगू नये. 'शंभर टक्के लसीकरण झालेली शाळा' असे फलक किंवा त्यासाठी बक्षिसे योजू नयेत. सात जणांच्या शाळेत सहा जणांनी लस घेतली असेल तर असा फलक सातव्याकडेच बोट दाखवितो.

तिसरा प्रश्न वेळेचा. येथेच पहिल्या दोन कलमांची खरी परीक्षा होते. प्रथम वेळ किती लागतो ते मोजू. पाच द्विशिक्षकी शाळा एकाच दिवशी बंद पडू नयेत म्हणून 42 जणांचे 21-21 असे दोन गट करावे लागतील. विचारपूस, नोंद व टोचणी मिळून एका व्यक्तीस 5 मिनिटे धरली, तर 21 जणांस 105 मिनिटे होतात. सर्वांना एकदम एक वाजता बोलाविले तर शेवटच्यास पावणेदोन तासांच्या सुमारास ताटकळत बसावे लागेल. त्याऐवजी सात-सात जणांस 35 मिनिटांच्या अंतराने बोलाविल्यास कोणासही 30 मिनिटांहून अधिक थांबावे लागणार नाही. शाळेतून जाण्यास 40 मिनिटे, प्रतीक्षा 30, टोचणी 5, त्यानंतर थांबणे 30 आणि परत येण्यास 40 अशी बेरीज 145 मिनिटांची, म्हणजे जवळजवळ अडीच तासांची होते. 'दोन तासांची सवलत' देणारे परिपत्रक अशा केंद्रात पहिल्याच दिवशी मोडते. येथे अर्धा दिवस द्यावयास हवा.

दोन सत्रांचे दिवस ठरवितानाही एक गोष्ट विसरली जाते. ताप यावयाचा असेल तर तो बहुधा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी येतो. मंगळवार व बुधवार असे लागोपाठ दिवस धरले, तर मंगळवारी लस घेतलेले गुरुजी बुधवारी घरी निजून असतील आणि त्याच दिवशी दुसऱ्या बाई आरोग्य केंद्रात गेलेल्या असतील. शाळा उघडण्यास कोणीच राहणार नाही. म्हणून पहिले सत्र मंगळवारी व दुसरे शुक्रवारी ठेवावे. स्वयंपाकीणबाईंना आहार वाटून झाल्यावरची वेळ द्यावी, आणि एका शाळेतील दोघींना एकाच दिवशी पाठवू नये.

आता हजेरीपत्रकाकडे वळू. अनेक ठिकाणी सद्हेतूने 'लसीकरण रजा' असा शेरा सुरू केला जातो. परंतु शिक्षकांचे हजेरीपत्रक मुख्याध्यापकांच्या टेबलावर उघडे असते. ज्याच्या नावापुढे हा शेरा आहे त्याने लस घेतली व ज्याच्या पुढे नाही त्याने घेतली नाही, हे कोणीही वाचू शकतो. ज्या नकाराचे कारण विचारावयाचे नाही असे पहिल्या कलमात लिहिले, तो नकार तिसऱ्या कलमाने शाईत उतरविला. यावर उपाय असा, की अर्ध्या दिवसाची सवलत लस घेण्यासाठी न देता आरोग्य सत्राला जाण्यासाठी द्यावी, आणि ती सर्व 42 जणांना द्यावी. हजेरीपत्रकात प्रशिक्षणास गेलेल्या शिक्षकाप्रमाणे 'कर्तव्यावर' एवढाच शेरा असावा. केंद्रात प्रत्येकाने एकएकट्याने पडद्याआड जाऊन आरोग्यसेविकेशी बोलावे. तेथे तो लस घेईल, नाकारील, किंवा ताप असल्याने त्याला पुन्हा येण्यास सांगितले जाईल. बाहेर आल्यावर सर्वांनीच अर्धा तास एका खोलीत बसावे. अन्यथा पाच मिनिटांत निघून जाणारा लगेच ओळखू येतो. त्या अर्ध्या तासात वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या आजारांविषयी शिक्षकांच्या शंकांना उत्तरे दिली, तर तो वेळ शाळेच्याही उपयोगी पडेल. ज्याला सत्राला जावयाचेच नाही त्याला अर्थातच सक्ती नाही.

राहिला दुसऱ्या दिवसाच्या तापाचा प्रश्न. यासाठी नैमित्तिक रजा खर्ची घालावी लागली, तर लस फुकट असूनही तिची किंमत कर्मचाऱ्याने मोजली असे होते. स्वयंपाकीणबाईंना तर रजाच नसते. त्यांचा दिवस बुडाला की मानधनातून कपात होण्याची भीती असते, आणि या एका भीतीने लस नाकारणारी स्त्री मनाने ती नाकारीत नसते. म्हणून कलम असे असावे :

"सत्राच्या दिवशी अर्धा दिवस व त्यानंतरच्या दोन दिवसांत प्रकृती बिघडल्यास एक दिवस, सर्व कर्मचाऱ्यांस, मानधनावरील व अंशकालीन कर्मचाऱ्यांसह, कर्तव्यावर समजण्यात येईल. वेतनात वा मानधनात कपात होणार नाही व रजेच्या खात्यात नोंद होणार नाही. एका दिवसासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र मागू नये व कारण विचारू नये. त्याहून अधिक दिवस लागल्यास नेहमीच्या रजानियमांप्रमाणे अर्ज करावा."

हे कलम मुख्याध्यापकांच्या सहीने लिहून चालणार नाही. जो अधिकारी वेतन व रजा यांविषयी आदेश देण्यास सक्षम आहे त्याच्याच सहीचे परिपत्रक हवे. अन्यथा महिनाअखेरीस बिल तपासणारा लिपिक ती सवलत अमान्य करील, आणि त्याला दोषही देता येणार नाही. ज्याला त्रास अधिक होईल त्याने आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा. दम लागणे, ओठ वा चेहरा सुजणे, अंगावर गांधी उठणे, चक्कर येऊन पडणे असे झाल्यास जराही वेळ न दवडता जावे. अशा घटनेचा अहवाल वर पाठविण्याचे काम आरोग्य यंत्रणेचे आहे. मुख्याध्यापकांनी तिची चौकशी आरंभू नये.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहेत. दोन शिक्षकांच्या शाळेत एकमेकांपासून फारसे काही लपत नाही. ज्याचा दंड दुखतो तो फळ्यावर लिहिताना ओळखू येतो. लोक आपापसांत बोलतात व त्यांनी बोलू नये असे कोणी म्हणणार नाही. परिपत्रकाचे काम एवढेच, की जे लोक स्वेच्छेने सांगतात त्यापलीकडचे काही कार्यालयाच्या कागदांनी सांगू नये.

परिपत्रक नीट राबविले गेले की नाही, हे केंद्रप्रमुखांस काही खुणांवरून कळू शकते. सर्व संमतिपत्रांवर एकाच शाईने, एकाच वेळी केलेल्या सह्या असतील, तर ती शाळेतच भरून घेतली गेली असावीत. आठ दिवसांत आरोग्य केंद्राकडे एकही शंका आली नसेल, तर माहितीपत्रक वाटले गेले नसावे. सत्राच्या दुसऱ्या दिवशी नैमित्तिक रजेचे अर्ज एकाएकी वाढले असतील, तर सवलतीचे कलम कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचलेले नाही. आणि मासिक सभेत 'अमक्या शाळेत किती राहिले?' असा प्रश्न कोणी विचारला, तर त्याचे उत्तर शाळेकडे नसणे हेच योग्य होय, असे समजून पुढील विषय घ्यावा.